पी शून्य घालून बघ

निघताना मी चपला घालायला वाकले की काकू पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर येत. दाराची कडी हातात धरून, आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात विचारत, "गणित बरोबर होतं ना गं आज?"

मी म्हणायची, "हो काकू, बरोबर होतं."

मग त्या कडी सोडत. "सावकाश जा," म्हणत. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मला दिसायचा, आणि आपण काहीतरी चांगलं काम केल्यासारखं वाटायचं. माझं त्यात काहीच नव्हतं. गणित सरांचं होतं आणि ते बरोबरच होतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची. सर, म्हणजे काकूंचे यजमान, आमच्या कॉलेजात गणित शिकवत. मी दुसऱ्या वर्षाला असताना ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांनी भाषण केलंच नाही. ज्यांना गरज वाटेल त्यांनी मुलुंडला घरी यावं, फी नाही, एवढंच म्हणाले आणि खाली बसले. गरज बऱ्याच जणांना होती, पण जायला लागलो दोघंच: मी आणि भांडुपला राहणारा माझा एक वर्गमित्र.

सरांचं घर मुलुंड पूर्वेला, तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीची एक भिंत त्यांनी काळ्या रंगाने रंगवून घेतली होती. तोच फळा. पुसायला काकूंच्या जुन्या सुती पातळाचा बोळा. मधली तार निघालेली एक खाट, दोन लोखंडी खुर्च्या, आणि सरांसाठी खडू ठेवायला चहाची कड उडालेली बशी. मी घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतून यायची. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. कॉलेजात हात वर करायला मला भीती वाटायची. त्या खोलीत वाटत नसे.

काकू तो प्रश्न का विचारतात, हे मला दिवाळीनंतर कळलं.

सरांचा मुलगा बडोद्याला नोकरीला होता. दिवाळीत तो आला तेव्हा सर दूध आणायला गेले आणि घराकडची गल्ली चुकले. ओळखीच्या माणसाने आणून सोडलं. मुलगा म्हणाला, आता दोघांनी इथे राहायचं नाही, बडोद्याला चला. सर ऐकेनात. भांडण झालं. शेवटी सर म्हणाले, "माझी गल्ली चुकेल, नाव चुकेल, दुधाची पिशवी कुठेतरी राहील. ज्या दिवशी गणित चुकेल त्या दिवशी येतो. स्वतःहून येतो." मुलाने हे मान्य केलं. त्यालाही वडील ठाऊक होते.

"पण मला कुठे कळतं गं त्यांचं गणित?" काकू मला म्हणाल्या. आम्ही दाराशी उभ्या होतो. "मी सातवी. ते फळ्यावर काय लिहितात, ते मला रांगोळीसारखं दिसतं. बरोबर आहे की चूक, ते तूच सांगायचं. सांगशील ना?"

मी मान हलवली. आपण कशाला हो म्हणतोय, ते तेव्हा नीट कळलं नाही.

चुकांच्या बाबतीत सरांचा एक जुना हिशोब होता. हाताची चूक आणि डोक्याची चूक. उणेचं चिन्ह राहिलं, सात आठे चौपन्न लिहिलं, ती हाताची चूक. ती कोणाचीही होते, पुसायची आणि पुढे जायचं. विचारच चुकीच्या रस्त्याने गेला, तर ती डोक्याची चूक. त्या हिवाळ्यात सरांनी खरंच एकदा चौपन्न लिहिलं. मी घाबरत घाबरत म्हटलं, "सर, छप्पन्न." ते हसले, बोळ्याने पुसलं आणि आत हाक मारून म्हणाले, "अहो ऐकलंत का, हाताची झाली!" आतून काकू म्हणाल्या, "हाताला काय धाड भरलीय तुमच्या!" आणि पातेल्यावर झाकण आपटलं. त्या दोघांना असं हसताना मी नंतर फार वेळा पाहिलं नाही.

आता त्या गणिताबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं.

पहिल्या वर्षाला असताना एकदा सरांनी मला कॉलेजातल्या फळ्यापाशी बोलावलं होतं. गणित असं: एक, दोन, तीन करत एनपर्यंत सगळे आकडे घ्यायचे. प्रत्येकाचा पीवा घात करायचा. त्या घातांची बेरीज करायची आणि तिला एनच्या पी अधिक एकव्या घाताने भागायचं. पी तोच ठेवायचा आणि एन वाढवत न्यायचा, हवा तेवढा. तर उत्तर कुठे जाऊन टेकेल?

मी एकेक पद सुटं केलं. पहिलं पद, एक भागिले एनचा तो मोठा घात. एन वाढला की ते शून्याकडे जाणार. दुसरंही शून्याकडे. सगळ्यात मोठं पद शेवटचं, एनच्या पीव्या घाताचं. तेसुद्धा भागून एक भागिले एन उरतं, म्हणजे तेही शून्याकडे. सगळी पदं शून्याकडे जातात, शून्यांची बेरीज शून्य. मी मोठ्या अक्षरात शून्य लिहिलं आणि त्याच्याखाली रेघ ओढली.

मागच्या बाकांवर मुलं हसली. त्यांनी उत्तर गाईडमध्ये बघितलेलं होतं. माझा खडू हातातून पडला.

"हसू नका," सर म्हणाले. "ही चूक करायला विचार करावा लागतो. तुम्ही तो केलेला नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मोठ्या गणितात घोटाळा वाटला की काय करायचं? लहान करून बघायचं. पी शून्य घालून बघ."

कुठल्याही आकड्याचा शून्यावा घात एक. म्हणजे वर एन वेळा एक, बेरीज एन. खाली एनचा पहिला घात, म्हणजे एन. एन भागिले एन, एक. एन शंभर असो की लाख, उत्तर एकच.

"आता पी एक घाल."

एकपासून एनपर्यंतची बेरीज, एन गुणिले एन अधिक एक, भागिले दोन. तिला एनच्या वर्गाने भागलं. एन वाढत गेला की उत्तर अर्ध्यावर येतं. वर्गांना एक तृतीयांश आलं. घनांना एक चतुर्थांश. पी कितीही असो, उत्तर एक भागिले पी अधिक एक.

"चूक कुठे झाली ते बघ," सर म्हणाले. "प्रत्येकाला तू शून्याकडे पाठवलंस, ते बरोबर. पण किती जण आहेत ते विसरलीस. पदं बारीक होतात तशी संख्येने वाढतही जातात. एकेकटं पाहिलं तर कोणीच काही नाही. सगळी मिळून आहेत."

मग त्यांनी फळ्यावर जिना काढला. शून्यापासून एकपर्यंत आडवी रेघ, तिचे एन सारखे भाग, प्रत्येक भागावर एक पायरी. पहिली अगदी बुटकी, मग चढत चढत शेवटची पुरती एक उंचीची. प्रत्येक पायरीचं क्षेत्रफळ म्हणजे आपल्या बेरजेतलं एकेक पद. पायऱ्या जितक्या अरुंद, तितका जिना खालच्या वक्र रेषेला चिकटत जातो. त्या रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे उत्तर. त्यांनी रेषेच्या आतून दुसरा जिनाही काढला. वरचा जिना थोडा जास्त, खालचा थोडा कमी, आणि दोघांतला फरक फक्त शेवटच्या एका पायरीएवढा, एक भागिले एन. तो फरक मात्र खरंच शून्याकडे जातो.

"तू कुठे राहतेस?" त्यांनी मला विचारलं.

"घाटकोपरला, सर. डोंगरावर."

"मग जिना तुला काय शिकवायचा!" ते म्हणाले. या वेळी वर्ग हसला, तो माझ्यासोबत. त्या दिवशी मी पाण्याची कळशी घेऊन आमच्या वस्तीच्या पायऱ्या चढले तेव्हा प्रत्येक पायरीला तिची रुंदी आणि उंची होती. आई म्हणाली, "काय गो, वाटेत काय बघतंस? पडशीत." आम्ही मालवणकडचे. तिला मी काय सांगणार होते! पण गणित सोडून दुसरं काही करायचं नाही, हे मी त्या पायऱ्यांवर ठरवलं.

शेवटच्या वर्षाला तेच गणित पुन्हा आलं, जास्त काटेकोर सिद्धतेसह. मुलुंडच्या घरात सरांनी ते डिसेंबरात घेतलं, झकास घेतलं. त्या दिवशी त्यांनी आणखी एक गंमत दाखवली. जिन्याचा पहिला अर्धा भाग वेगळा काढला. पी शून्य असेल तर सगळ्या पायऱ्या सारख्या, अर्ध्या जिन्याचा वाटा अर्धा. पी एक असेल तर पाव. वर्गांना एक अष्टमांश, घनांना सोळावा हिस्सा.

"पी वाढवत गेलं की वरच्या थोड्या पायऱ्याच सगळं खाऊन टाकतात," सर म्हणाले. "खालच्यांचं नावसुद्धा उरत नाही."

काकू आत शेंगदाणे भाजत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "म्हणजे आधी राबले त्यांचं काहीच नाही होय?"

"पी मोठा असेल तर नाही."

"मग कशाला मोठा ठेवता मेला तो पी!"

माझा वर्गमित्र इतका हसला की खुर्ची मागे गेली. काकूंनी आम्हाला गरम शेंगदाणे दिले. दाराशी मला विचारलं, मी सांगितलं. त्या दिवशी सांगायला फार आनंद वाटला.

जानेवारीत सरांनी तेच गणित पुन्हा घेतलं, पहिल्यांदाच घेत असल्यासारखं. पुढच्या आठवड्यात पुन्हा. सगळं बरोबर. वरच्या पायऱ्या सगळं खाऊन टाकतात, हा विनोदही त्याच जागी.

स्टेशनकडे चालताना वर्गमित्र म्हणाला, "लक्षात आलं का तुझ्या?"

"उजळणी करून घेत असतील," मी म्हटलं.

"कसली उजळणी! तू पण ना! सरांची वाट लागलीय यार."

"असं नको बोलूस रे."

"मग कसं बोलू? एप्रिलात पेपर आहेत. मला नापास होऊन चालणार नाही. माझा बाप कामावर सगळ्यांना सांगून बसलाय, पोरगा पदवीधर होतोय म्हणून." मग म्हणाला, "मी घाटकोपरच्या क्लासला नाव घालतोय. तू पण चल."

"सर एकटे पडतील."

"तुला राग येईल, पण सांगतो. तू शिकायला जात नाहीस आता. तू काकूंना हो म्हणायला जातेस."

मला राग आला. तो पुढच्या वेळेपासून आला नाही. सरांनी तो का येत नाही ते विचारलं नाही, आणि कधी कधी दुसऱ्या खुर्चीकडे बघून तिलाच प्रश्न विचारत.

तो मार्चमधला दिवस, दुपार. ऊन इतकं की सरांनी दाराला ओला पडदा लावला होता. काकू आत कुरडयांसाठी गहू वाटत होत्या. सरांनी बशीतून खडू उचलला आणि फळ्यावर लिहायला सुरुवात केली. तेच गणित. मला वाईट वाटलं नाही. मी वहीसुद्धा उघडली नाही. ते कसं जातं ते मला पाठ होतं, आणि त्यांच्या तोंडून ऐकायला आवडायचं.

सरांनी बेरीज सुटी केली. पहिलं पद लिहिलं, बाजूला बाण काढून शून्य. दुसरं पद, बाण, शून्य. मला वाटलं, माझी ती जुनी चूक मुद्दाम करून दाखवताहेत, आत्ता मागे वळतील. ते वळले नाहीत. शेवटचं पद लिहिलं, एक भागिले एन. बाण. शून्य. मग खाली, शांतपणे, त्यांच्या नेहमीच्या वळणदार अक्षरात: म्हणून उत्तर शून्य. खाली रेघ ओढली. हात झटकले.

"कळलं?" त्यांनी विचारलं.

मी वाट बघितली. ते माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत खोडकरपणा शोधला मी, तो नव्हता. एक समाधान होतं, गणित नीट सुटल्याचं.

"काही शंका?"

आत पाट्यावरचा वरवंटा चालू होता. मला वाटलं, काहीच बोलू नये. उद्या हेच गणित ते पुन्हा घेतील, आणि उद्या बरोबर येईल. मला परीक्षेत काय लिहायचं ते माहीत होतं. नुकसान कोणाचं होणार होतं? पण समोर फळ्यावर ते शून्य होतं, माझंच शून्य, खाली रेघ ओढलेलं. ते तसंच ठेवून मी तिथून उठू शकत नव्हते. त्यांनीच मला तसं बनवलं होतं.

"सर," मी म्हटलं. "सर, पी शून्य घालून बघायचं का?"

"हो, बघ की," ते उत्साहाने म्हणाले. "नेहमी बघावं." आणि स्वतःच फळ्याकडे वळले.

एक अधिक एक अधिक एक. एन वेळा. खाली एन. त्यांनी एक लिहिला. त्या एककडे बघितलं. मग वरच्या शून्याकडे. पुन्हा खाली.

"एन मोठा केला तरी एक," ते म्हणाले.

"हो सर."

"मग वर शून्य कसं?"

त्यांनी पी एक घातला. बेरीज बरोबर आली, अर्धा बरोबर आला. त्यांनी तो शून्याच्या शेजारी लिहिला आणि खडू बशीत ठेवायला गेले. बशीत न पडता तो खाली पडला, त्यांनी उचलला नाही.

ते फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "ही चूक मला माहीत आहे."

"हो सर."

"कॉलेजात एक मुलगी होती. पहिल्या वर्षाला. हीच चूक केली होती तिने, अगदी अशीच, अशीच रेघ ओढली होती. रडवेली झाली होती बिचारी." ते खाटेवर बसले. "डोंगरावर राहायची कुठेतरी. चांगली मुलगी. चूक करायला विचार करावा लागतो, तो तिने केला होता." त्यांनी माझ्याकडे बघितलं. अतिशय मायेने, आणि मला न ओळखता. "पुढे काय झालं असेल तिचं?"

"शिकतेय सर," मी म्हटलं.

"गणितच?"

"गणितच, सर."

"बरं झालं," सर म्हणाले.

वरवंट्याचा आवाज थांबला होता. तो कधी थांबला, मला कळलं नाही. मी उठले, वही पिशवीत टाकली, दाराशी जाऊन चपला घालायला वाकले. काकू आल्या. गव्हाच्या चिकाने हात पांढरे झाले होते. त्यांनी कडी धरली नाही. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

"बरोबर होतं ना गं?"

मी सरांकडे बघितलं. ते खाटेवरून उठून आमच्यापर्यंत आले होते.

"चुकलं," सर म्हणाले.

"हाताची असेल," काकू घाईघाईने म्हणाल्या. "मागे नाही का झाली, चौपन्न की छप्पन्न. तशीच असेल. हो ना गं? हाताचीच ना?"

"तू सांग," सर मला म्हणाले. "मला वाटतंय ते बरोबर की नाही, ते मला आता ठरवता येणार नाही. तू सांग, कुठली?"

दोघं माझ्याकडे बघत होते. मी काय म्हणायला हवं, ते काकूंच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. तेवढंच म्हटलं असतं तर उद्या दुपारी खाट, खुर्च्या, बशी, सगळं तिथेच असतं. सरांच्या डोळ्यांत फक्त प्रश्न होता. फळ्यापाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांत असतो तसा.

"डोक्याची, सर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. माझ्या डोक्यावर हात ठेवला. खडूचा पांढरा पंजा केसांवर उमटला असणार, कारण घरी गेल्यावर आईने तो झटकला आणि विचारलं, "सर बरे आसत मां?" मी तिच्या खांद्यात तोंड खुपसलं. ती काही न विचारता थोपटत राहिली. पाण्याची वेळ टळत होती, तरी ती उठली नाही.

बडोद्याला पत्र सरांनी स्वतः लिहिलं. मुलगा महिनाअखेरीला येऊन सामान बांधू लागला.

मी शेवटचं भेटायला गेले तेव्हा खोलीत गाठोडी होती. खाट उभी करून भिंतीला लावली होती. फळा तसाच होता, भिंत कुठे नेणार! काकू माझ्याशी बोलत नव्हत्या. पाणी दिलं, तेही न बघता. मग एकाएकी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"खोटं बोलली असतीस तर मी तुला कधी माफ केलं नसतं," त्या म्हणाल्या. "आणि खरं बोललीस तर तुझं तोंड बघवत नाही मला. आता काय करू मी, सांग!"

त्यांनी माझा हात धरला, घट्ट धरला आणि सोडून आत गेल्या.

सर खुर्चीवर बसले होते, स्वच्छ सदरा घालून, प्रवासाला निघाल्यासारखे. मला बघून म्हणाले, "काही शिकवायचंय का?" शिकायचंय का, असं विचारायचं असेल त्यांना. मला ठाऊक नाही. मी बशीतला खडू उचलला.

मी जिना काढला. एन पायऱ्या, वरचा जिना, आतला जिना, मधली वक्र रेषा. दोन्ही जिन्यांतला फरक दाखवला, शेवटच्या पायरीएवढा. तो शून्याकडे जातो ते लिहिलं. उत्तर लिहिलं, एक भागिले पी अधिक एक. माझा आवाज मधेच कुठेतरी नीट झाला होता. सर माझ्या प्रत्येक ओळीबरोबर मान हलवत होते. शेवटी बोट वर करून त्यांनी विचारलं, "आणि पी उणे एक घातला तर?"

हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"मग खाली शून्य येतं सर. सूत्र चालत नाही. एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश अशी बेरीज होते. ती वाढतच राहते."

"थांबत नाही?"

"नाही सर. फार सावकाश वाढते. पण थांबत नाही."

"बरोबर," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

एप्रिलात मी पेपर दिले. ते गणित आलं नाही. मी पास झाले, वर्गमित्रही झाला, त्याच्या वडिलांनी कामावर पेढे वाटले. पुढे मीही शिकवायला लागले. बडोद्याहून काकूंची दोन-तीन पत्रं आली, मग मुलाचं एक आलं.

सरांची आठवण काढायला बसले की मला पहिल्यांदा तीच मार्चमधली दुपार दिसते, ओला पडदा, ते शून्य. शेवटच्या पायऱ्या बाकीचं सगळं झाकून टाकतात. मग मी काकूंचं ऐकते आणि मेला तो पी लहान करायला बघते. कॉलेजातला फळा, सात आठे चौपन्न, शेंगदाणे, "मग जिना तुला काय शिकवायचा". सगळ्या पायऱ्या एका उंचीच्या. नेहमी जमत नाही.

त्या शेवटच्या दिवशी मी निघाले, चपला घालायला वाकले. काकू बाहेर आल्या. पदराला हात पुसत होत्या, खरं तर हात कोरडेच होते. सवयीने त्यांनी दाराची कडी धरली, आणि सवयीनेच त्यांच्या तोंडून आलं,

"गणित बरोबर होतं ना गं आज?"

मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ओठ मिटून घेतले. आत सर अजून फळ्याकडे बघत होते.

"हो काकू," मी म्हटलं. "बरोबर होतं."